एका `T`ची चारशे वर्षं

समजा, दहावीच्या गणिताचे ४०० छोटे पाठ कुणी चित्रित केले आहेत. प्रत्येक पाठ साधारण बारा मिनिटांचा. म्हणजे एकूण ४,८०० मिनिटं, बरोबर ८० तास. रोज दोन तास बसलं तर चाळीस दिवसांत सगळे बघून होतील.

आता हे पाठ शोधयंत्राला कळावेत म्हणून प्रत्येकाच्या पानात त्याची लांबी लिहायची आहे. ती लिहिताना एक अक्षर राहून गेलं, तर त्याच ८० तासांची ४०० वर्षं होतात. हे पाठ आज संपायचे असतील, तर पहिला पाठ शिवरायांच्या जन्माआधी, म्हणजे १६३० च्याही आधी, सुरू करावा लागला असता.

ते अक्षर म्हणजे `T`. बारा मिनिटं लिहायची ती `PT12M` अशी. `T` गळला की उरतं `P12M`, आणि त्याचा अर्थ होतो बारा महिने. वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात, म्हणजे एका अक्षरापायी प्रत्येक पाठ ४३,८०० पट लांबला.

एवढं महत्त्व त्या लिहिलेल्या लांबीला का? यंत्र स्वतः व्हिडिओ बघत नाही का? काही वेळा बघतं. फाइल हाती लागली तर गूगल ती उघडून तपासू शकतं. पण सगळ्या जगाचे व्हिडिओ बघत बसणं कसं असतं, त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक व्हिडिओ चढतात, असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे घड्याळात एक मिनिट सरतं तोवर जवळपास २१ दिवसांचा ऐवज जमा होतो, आणि एका दिवसात ८२ वर्षांचा. एक माणूस जन्मभर न झोपता बघत बसला, तर यूट्यूबचा एक दिवस कसाबसा उरकेल. आणि हे झालं एकाच संकेतस्थळाचं.

म्हणून पानाच्या मालकानेच व्हिडिओची ओळख यंत्राला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावी, अशी पद्धत रुळली. त्यासाठी लागणारा सामाईक शब्दसंग्रह गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये एकत्र येऊन काढला. त्याचं नाव `schema.org`. वर्गसमीकरणांच्या एका पाठाची ओळख त्यात अशी दिसते:

```html
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "VideoObject",
  "name": "वर्गसमीकरणे: अवयव पाडून उकल",
  "thumbnailUrl": "https://example.com/p/17.jpg",
  "uploadDate": "2024-06-15T08:00:00+05:30",
  "duration": "PT12M34S",
  "contentUrl": "https://example.com/v/17.mp4"
}
</script>
```

हा मजकूर चारशे बाइटांच्या आत बसतो. सेकंदाला दोन मेगाबिट या बेताच्या दर्जाने तोच पाठ साठवला, तर त्याची फाइल सुमारे १९ कोटी बाइटांची होते. म्हणजे चिठ्ठीपेक्षा पेटारा चार लाख पटींहून मोठा. शोधनिकालात पाठाच्या नावाशेजारी चित्र, त्याच्या कोपऱ्यात १२:३४ आणि खाली तारीख दिसावी, यासाठी यंत्राला ही चिठ्ठी मदत करते. नाव, चित्र आणि तारीख या तीन गोष्टी गूगलला हव्यातच. लांबी सक्तीची नाही, पण द्यावी अशी शिफारस आहे. चिठ्ठी दिली म्हणजे निकालात मानाचं पान मिळालंच, असं मात्र नाही. पानावर व्हिडिओ हाच मुख्य ऐवज असावा लागतो. चारशे पाठ एकाच लांबलचक पानावर ओळीने लावले, तर चिठ्ठ्या कितीही नेटक्या असोत, उपयोग होत नाही. पाठ तितकी पानं हवीत.

आता परत त्या `T`कडे. लांबी लिहायची ही रीत `ISO 8601` या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली. सुरुवातीचा `P` सांगतो की पुढे कालावधी आहे. त्यानंतर आधी वर्षं, महिने, दिवस येतात, मग `T`, आणि त्यापुढे तास, मिनिटं, सेकंद. महिना आणि मिनिट या दोघांनाही `M` हेच अक्षर वाट्याला आलं आहे. एकाच नावाचे दोन भाऊ दोन खोल्यांत राहतात आणि मधली भिंत म्हणजे `T`. भिंत पडली की मिनिट महिन्याच्या खोलीत जाऊन बसतं.

गंमत पुढे आहे. पाठाची लांबी सेकंदांसकट `PT12M34S` अशी लिहिली आणि त्यातला `T` गळला, तर उरतं `P12M34S`. इथे चूक उघडी पडते, कारण सेकंदांना भिंतीच्या अलीकडे जागाच नाही. असा कालावधी नियमात बसत नाही आणि नियम पाहणाऱ्या तपासणीत तो अडकायला हवा. पण कुणी सोयीसाठी सेकंद गाळून पूर्ण बारा मिनिटं धरली असतील, तर `P12M` हे व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. बारा महिन्यांचा व्हिडिओ असू नये, असं प्रमाणात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे ते ३४ सेकंद हा काटेकोरपणाचा सोस नसून विमा आहे.

दुसरी नेहमीची चूक हजारपटीची. व्हिडिओ हाताळणारी पुष्कळ साधनं लांबी हजारांश सेकंदांत देतात. १२ मिनिटं ३४ सेकंद म्हणजे ७५४ सेकंद, पण साधन सांगतं ७,५४,०००. तोच आकडा उचलून `PT754000S` असा बसवला, की पाठ ८ दिवस १७ तास २६ मिनिटं ४० सेकंदांचा होतो. हेही व्याकरणाने शुद्धच.

तारखेचा गोंधळ याहून वरचढ आहे. बहुतेक संगणक काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० या आरंभापासून किती सेकंद उलटले, अशा हिशोबाने. आपल्या पाठाची वेळ, १५ जून २०२४ सकाळी आठ, या मोजणीत १,७१,८४,१८,६०० सेकंद होते. पण काही भाषा हाच काळ हजारांश सेकंदांत मोजतात, आणि तिथे या आकड्यापुढे आणखी तीन शून्यं असतात. एका प्रोग्रॅमने हजारांशांत लिहिलं आणि दुसऱ्याने सेकंद समजून वाचलं, तर पाठ चढवल्याचं वर्ष निघतं ५६,४२४ च्या आसपास. वर्गसमीकरणं समजायला थोडी वाट बघावी लागेल.

उलटी चूक झाली, म्हणजे सेकंदांना हजारांश समजलं गेलं, तर १९७० पासून २०२४ पर्यंतची ५४ वर्षं जेमतेम वीस दिवसांत आटतात. आपला पाठ जानेवारी १९७० च्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन पडतो, आणि त्याआधी किंवा नंतर काही वर्षांनी चढवलेले पाठही त्याच महिन्यात दाटी करतात. यातली मोठी चूक कमी धोक्याची. ५६,४२४ हे वर्ष चार आकड्यांच्या चौकटीत मावत नाही, म्हणून ते खटकतं. २० जानेवारी १९७० ही तारीख दिसायला सरळ असते, आणि म्हणूनच निसटते.

शेवटचं `+05:30` पुष्कळ जण गाळतात. ते नसलं तर गूगल स्वतःच्या यंत्राच्या घड्याळाचा काळ गृहीत धरतं. ते घड्याळ कॅलिफोर्नियाचं असेल, तर भारतात १५ जूनच्या सकाळी आठ वाजतात तेव्हा तिथे १४ जूनचे संध्याकाळचे साडेसात असतात. साडेबारा तासांची ही तफावत हजारो वर्षांपुढे क्षुल्लक वाटेल, पण ती तारीख बदलायला पुरेशी आहे.

राहिलं चित्र. सेकंदाला ३० चौकटी या गतीने आपल्या पाठात २२,६२० चौकटी आहेत. त्यांतली एक निवडून, किंवा वेगळं चित्र करून, सगळ्या पाठाची खूण म्हणून द्यायची. ते चित्र १२८० बाय ७२० चं असेल तर त्यात ९,२१,६०० ठिपके येतात. गूगलची किमान अट मात्र ६० बाय ३० ची, म्हणजे १,८०० ठिपक्यांची. आपलं चित्र त्या उंबरठ्याच्या ५१२ पट मोठं आहे. तेव्हा चित्र लहान पडलं म्हणून गाडी सहसा अडत नाही. ती अडते पत्त्यापाशी. चित्रांचा फोल्डर `robots.txt` मध्ये यंत्रांना बंद केलेला असतो, किंवा पत्ता काही तासांनी आपोआप बाद होणारा असतो. आपल्याला ब्राउझरमध्ये चित्र दिसतं आणि यंत्राच्या तोंडावर दार बंद होतं. पारदर्शक पार्श्वभूमीचं बोधचिन्हही चालत नाही, कारण निदान ८० टक्के ठिपके जवळजवळ पूर्ण अपारदर्शक असावे लागतात. आणि चारशे पाठांना एकच चित्र लावलं, तर कोणता पाठ कशाचा हे निकाल बघणाऱ्या मुलाला कळणार नाही. प्रत्येक पाठाला त्याचं स्वतःचं चित्र हवं.

गूगलचं `Rich Results Test` हे साधन पानाचा पत्ता दिला की चिठ्ठी वाचून दाखवतं आणि काय राहिलं ते सांगतं. चित्रापर्यंत पोहोचता येत नसेल, तर ते पुढे `Search Console` मधल्या व्हिडिओंच्या अहवालात दिसतं. पण या साधनांचं मुख्य काम शुद्धलेखन तपासण्याचं. बारा महिन्यांचा पाठ किंवा १९७० ची तारीख यांत शुद्धलेखनाची चूक नाहीच.

त्यासाठी शाळेतली बेरीज पुरते. सगळ्या चिठ्ठ्यांमधल्या लांब्या एका तक्त्यात ओढून त्यांची बेरीज करायची: ती ८० तासांच्या जवळपास यायला हवी. तारखा लावून सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवी पाहायची: जुनी तारीख पहिल्या चित्रीकरणाच्या आधीची नको, नवी उद्याची नको. चित्रांचे वेगवेगळे पत्ते मोजायचे: ४०० भरले पाहिजेत. बेरीज करताना तक्ता ८० तासांऐवजी ४०० वर्षं दाखवू लागला, तर कुठे बघायचं ते आता ठाऊक आहे: `P` च्या लगेच पुढे.