गाडी झुकझुक की छुकछुक?

हिंदी बालगीतातली रेलगाडी 'छुकछुक' करत जाते आणि मराठीतली 'झुकझुक'. ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यामुळे तर ही झुकझुक घराघरांत पोचली. इंजिन मात्र दोन्हीकडे सारखंच, कोळशाचं. त्याच्या धुराड्यातून वाफ थांबून थांबून, झटक्याने बाहेर पडायची. तोच हा आवाज.

आवाजावरून तयार झालेल्या अशा शब्दांना इंग्रजीत 'ऑनोमॅटोपिया' म्हणतात. हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'नाव घडवणे'. मराठी व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. पण हे अनुकरण हुबेहूब नसतं. कानावर पडलेला आवाज प्रत्येक भाषा आपल्या अक्षरांत बसवते. म्हणून आपला कोंबडा 'कुकूचकू' करतो, हिंदीतला 'कुकडू कूं' आणि इंग्रजीतला चक्क 'कॉक-अ-डूडल-डू'!

बडबडगीतांत तर आवाजच प्राण्याचं नाव होतो. चिवचिव करते ती चिऊ, कावकाव करतो तो काऊ, म्याव करते ती माऊ. हे फक्त लहान मुलांचं बोलणं नाही बरं का. दोन हजार वर्षांहून जुन्या 'निरुक्त' या ग्रंथात यास्कांनी म्हटलंय की 'काक' हे नाव आवाजावरून आलं आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. औपमन्यव नावाच्या विद्वानाला ते मान्य नव्हतं, हेही यास्कांनी तिथेच नोंदवलंय.

आता पावसाची गाणी आठवा. पत्र्यावर एकच थेंब पडला तर तो 'टपकन' पडतो. थेंबामागून थेंब पडू लागले की 'टपटप'. म्हणजे आवाज पुन्हा पुन्हा झाला की शब्दही दुप्पट होतो. मोठ्या, सलग आवाजासाठी शेवटी 'आट' लागतो: ढग गडगडतात, त्यांचा होतो गडगडाट. वीज कडाडते, तिचा कडकडाट.

पण जोडीने आलेला प्रत्येक शब्द आवाजाचा नसतो. चांदण्या 'लुकलुक' करतात, पण त्यांचा आवाज कुणी ऐकलाय? डोळे मिटून पाहा. टपटप ऐकू येते, लुकलुक येत नाही. ती फक्त दिसते. बाळ 'दुडुदुडु' धावतं, तिथे मात्र मी अडखळते. तो पावलांचा आवाज की धावण्याची तऱ्हा? मला वाटतं, थोडं दोन्ही.

झुकझुकचंही आता काहीसं असंच झालंय. विजेच्या इंजिनात वाफच नसते, तिथे नुसती घरघर. तरी प्लॅटफॉर्मवर कडेवर बसलेलं पोर गाडी दिसताच ओरडतं, "झुकझुक आली!" त्याच्यासाठी तो आवाज नाहीच. ते गाडीचं नाव आहे, काऊसारखं.