चाळीस ओळींची शब्दसूची

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखादी फाउंड्री आहे आणि तिचं ओतकाम जर्मनीला जातं, असं समजा. ग्राहकाचा खरेदी विभाग इंग्रजीत लिहितो, पण गुणवत्ता विभाग तक्रारी जर्मनमध्येच पाठवतो. ती मेल अनुवादकाकडून इंग्रजी होऊन क्वालिटीवाल्यांकडे येते आणि तिथून तोंडी मराठीत फोरमनपर्यंत पोचते. एक मेल नीट करणं फार अवघड नसतं. जुलैची मेल मार्चच्या मेलशी जुळली पाहिजे, खरी अडचण तिथे येते.

मार्चमध्ये ‘लुंकर’ हा शब्द आला आणि त्याचं ‘श्रिंकेज’ झालं. जुलैत घाईगडबडीत त्याच शब्दाचं ‘ब्लो होल’ झालं. ऑफिसात बसणाऱ्याला दोन्ही म्हणजे कास्टिंगमधलं भोकच, पण फोरमनच्या लेखी ती दोन वेगळी दुखणी आहेत. धातू थिजताना आकसतो. ती जागा भरायला पातळ धातू पोचला नाही की आतून खडबडीत पोकळी राहते, तो लुंकर. त्यासाठी रायझरची जागा आणि आकार बघावा लागतो. ब्लो होल होतो तो अडकलेल्या वायूमुळे आणि तो आतून बहुधा गुळगुळीत असतो. त्यासाठी वाळूतला ओलावा आणि व्हेंट तपासतात. म्हणजे जुलैची मेल वाचून माणसं वाळूच्या मागे लागणार आणि रायझर होता तसाच राहणार. शिवाय वर्षाअखेरीस तक्रारी मोजल्या, तर एकाच दोषाचे दोन छोटे दोष झालेले दिसतील आणि दोन्ही किरकोळ वाटतील.

सूची करायची ती असे घोटाळे टाळायला. शब्दकोश उघडून सुरुवात केली की ती हमखास फुगते आणि मग कोणी बघत नाही. त्यापेक्षा आधीच्या चार-सहा महिन्यांच्या मूळ मेल आणि त्यांचे अनुवाद शेजारी शेजारी ठेवावेत. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि चुकला तर माल, पैसा किंवा तारीख चुकते, तेवढाच उचलावा. एका ग्राहकासाठी तीस-चाळीस ओळी पुष्कळ झाल्या. ‘धन्यवाद’ला सूचीत जागा नको.

प्रत्येक ओळीत मूळ शब्द, ठरलेला शब्द आणि एक टीप असावी. माझ्या मते टीप सगळ्यांत मोलाची, कारण कोणता शब्द वापरायचा नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. ओमेगाटी या मोफत सॉफ्टवेअरला हीच रचना चालते: साधी टेक्स्ट फाइल, रकान्यांमध्ये टॅब.

```
Lunker	shrinkage cavity	NOT blowhole
Sonderfreigabe	concession	this lot only; NOT approval
KW	calendar week	add dates
```

दुसरी ओळ पैशाची आहे. ‘झोंडरफ्रायगाबे’ म्हणजे मापात न बसलेला माल या खेपेपुरता चालवून घेण्याची परवानगी. तिचं नुसतं ‘अप्रूव्हल’ केलं, तर कारखाना पुढच्या खेपाही त्याच मापाने ओतेल आणि त्या परत येतील. तिसरी ओळ तारखेची. जर्मन मंडळी आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. २०२४ मधला KW 14 म्हणजे १ ते ७ एप्रिल. पण त्या आठवड्यात माल इथून निघायचा की तिथे पोचायचा? हे अनुवादकाने परस्पर ठरवू नये. क्वालिटीवाल्यांमार्फत ग्राहकाला एकदाच विचारावं आणि उत्तर तारखेसह टिपेत टाकावं.

सूची पाळली जाते का, हे तपासणं सोपं आहे. महिन्याअखेरीस सगळ्या अनुवादांत blowhole शोधायचं आणि सापडेल तिथली मूळ मेल उघडायची. मुळात खरोखर ‘गासब्लाझे’ असेल, तर शब्द बरोबरच आहे. मुळात ‘लुंकर’ असेल, तर अनुवाद दुरुस्त करून कारखान्याला कळवायचं. उलट दिशेने शोधताना मात्र जपायला हवं. जर्मनमध्ये शब्द एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ‘मिक्रोलुंकर’सारखा जोडशब्द पूर्ण शब्दाच्या शोधात निसटतो. असे जोडशब्द भेटतील तसे वेगळ्या ओळीत घालावेत.

कधी ठरलेला शब्दच बदलावा लागतो, कारण ग्राहकाकडे नवा माणूस येतो आणि त्याच्या इंग्रजी अहवालात वेगळा शब्द असतो. तेव्हा जुनी ओळ पुसू नये. ‘अमुक तारखेपर्यंत हा शब्द’ असं तिच्या टिपेत लिहून खाली नवी ओळ जोडावी. जुन्या तक्रारीचा वाद निघाला की लोक जुन्याच मेल उघडतात.