लहान गावातील मुक्त व्यवसाय: वीज, इंटरनेट आणि फाइलींची राखीव व्यवस्था

राजस्थानातील एखाद्या तहसिलीच्या गावी राहून दिल्लीतील प्रकाशकांसाठी पुस्तकांची पृष्ठमांडणी करणाऱ्या व्यावसायिकाचे उदाहरण आपण घेऊ. सोमवारी सकाळी १० वाजता छपाईस सिद्ध झालेली फाइल मुद्रणालयात पोहोचावयाची आहे. यंत्राची वेळ आधीच ठरलेली असते. फाइल आली नाही तर मुद्रक दुसरे काम यंत्रावर चढवितो, पुस्तक आठवडाभर मागे पडते आणि प्रकाशकाचे पुढचे काम बहुधा दुसऱ्या कोणाकडे जाते. मे-जून महिन्यांत त्या प्रदेशात धुळीची वादळे उठतात, तारा तुटतात आणि वीज काही मिनिटांसाठी नव्हे, तर कित्येक तासांसाठी जाते.

अशा ठिकाणी राहणारे बहुतेक लोक घरात इन्व्हर्टर बसवितात, फायबरची जोडणी घेतात आणि अडचणीला मोबाइल आहेच असे मानतात. ही व्यवस्था पुरेशी वाटते. परंतु तिची परीक्षा एकाच प्रश्नाने होते. पहिली सोय ज्या कारणाने बंद पडते, त्याच कारणाने दुसरीही बंद पडेल काय? पडत असेल तर त्या दोन सोयी नसून एकच सोय आहे. वीज, इंटरनेट आणि फाइली या तिन्ही बाबतींत हाच प्रश्न क्रमाने विचारून पाहू.

विजेचा हिशेब

प्रथम किती वीज लागते हे पाहावे. लॅपटॉप सरासरी ४० वॅट घेतो असे धरू. मोडेम आणि राउटर मिळून सुमारे १५ वॅट, एक दिवा १० वॅट आणि कमी वीज खाणारा नव्या पद्धतीचा पंखा सुमारे ३५ वॅट. एकूण १०० वॅट झाले.

आता साठा पाहू. घरोघरी आढळणारी बॅटरी १२ व्होल्टची आणि १५० अँपिअर-तासांची असते. या दोन अंकांचा गुणाकार १८०० वॅट-तास होतो. मात्र एवढी वीज हाती येत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून सुमारे ६० टक्केच वापरावी. त्यातीलही सुमारे १५ टक्के भाग इन्व्हर्टर स्वतःच खातो. उरतात ९०० वॅट-तास, म्हणजे १०० वॅटच्या भाराला नऊ तास. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅट घेतो. तो चालू ठेवला तर भार १४० वॅट होतो आणि नऊ तासांचे साडेसहा तास होतात. मोडेम बंद करून वीज वाचविण्याचा खटाटोप लोक करतात, पण खरा फरक पंखाच करतो.

हा हिशेब नव्या बॅटरीचा आहे. बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा साठा घटतो आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी, कामाची घाई नसलेल्या दिवशी, घराचा मुख्य खटका बंद करून नेहमीचा भार चालू ठेवावा आणि किती तास निघतात ते घड्याळ लावून पाहावे. पूर्वीच्या निम्मेच तास निघाले तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. तीत घालावयाचे पाणी ऊर्ध्वपातितच असावे आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये राहावी. रिकामी बॅटरी भरण्यास दहा-बारा तास लागतात हेही ध्यानात ठेवावे. दुपारी एकदा आणि रात्री पुन्हा वीज गेली, तर दुसऱ्या खेपेस नऊ तास मिळणार नाहीत.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. पहिली अशी की इन्व्हर्टरची तार घरातील काही ठरावीक खटक्यांपर्यंतच गेलेली असते. मोडेम बाहेरच्या खोलीत, त्या तारेवर नसलेल्या खटक्याला जोडलेला असतो. वीज जाताच दिवा आणि पंखा चालू राहतात आणि इंटरनेट तेवढे जाते. दुसरी अशी की विजेवरून बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो. त्या क्षणी मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्यात काही मिनिटे जातात आणि अर्धी गेलेली फाइल तुटते. मोडेमपुरती एक छोटी बॅटरीपेटी लावल्यास हा दोष जातो. ती घेण्यापूर्वी मोडेमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट पाहावेत. ते बहुधा १२ असतात, परंतु ९ व्होल्टचेही मोडेम आहेत आणि चुकीच्या पेटीने मोडेम जळू शकतो.

इंटरनेटच्या दोन वाटा

आता मोडेमला वीज मिळत आहे, तरीही इंटरनेट चालेलच असे नाही. प्रकाशतंतूंच्या काही जोडण्यांत केंद्रापासून घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारे एकही उपकरण नसते. खांबावरची विभाजक डबी केवळ प्रकाशाचे भाग पाडते. तिला वीज लागत नाही. अशी जोडणी गल्लीत अंधार असतानाही चालते. परंतु लहान गावांत पुष्कळदा स्थानिक केबलवाला एखाद्या घराच्या गच्चीवर विजेवर चालणारे यंत्र ठेवतो आणि तेथून साध्या तांब्याच्या तारा घरोघरी नेतो. त्या घराची वीज गेली की साऱ्या गल्लीचे इंटरनेट जाते, मग आपल्याकडे कितीही मोठा इन्व्हर्टर असो. आपली जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यास सोपी परीक्षा आहे. साऱ्या गल्लीची वीज जाईल तेव्हा आपला मोडेम चालू ठेवून इंटरनेट टिकते का पाहावे. प्रकाशतंतूच्या मोडेमवर एलओएस ही अक्षरे असलेला तांबडा दिवा लागला, तर प्रकाशच येत नाही, म्हणजे बहुधा तंतू तुटला आहे. हा दिवा विझलेला असून इंटरनेट नसेल तर दोष पुढे, कंपनीच्या बाजूला शोधावा लागतो.

दुसरी वाट मोबाइलची. दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेतली की दोन वाटा झाल्या असे वाटते. परंतु भारतात मनोरे उभारून ते अनेक मोबाइल कंपन्यांना भाड्याने देणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत, आणि गावातील एकाच मनोऱ्यावर दोघींची उपकरणे टांगलेली असू शकतात. मनोऱ्याची बॅटरी आणि डिझेल संपले की दोन्ही एकदम गप्प होतात. म्हणून कार्ड घेण्यापूर्वी, वीज जाऊन तीन-चार तास झाल्यावर शेजाऱ्यांपैकी कोणाच्या फोनवर इंटरनेट चालते हे पाहावे आणि तीच कंपनी निवडावी. राखीव कार्डाने महिन्यातून एकदा तरी खरोखर फाइल पाठवावी. फार दिवस न वापरलेले आणि न भरलेले कार्ड कंपनी बंद करते आणि ते नेमके गरजेच्या दिवशी कळते.

मोबाइल बंद पडण्याचे आणखी एक कारण विजेशी संबंधित नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षकभरतीच्या पात्रता परीक्षेच्या वेळी राजस्थानातील अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट सरकारी आदेशाने बंद ठेवण्यात आले. अशा वेळी दोनच काय, दहा कार्डेही निरुपयोगी ठरतात. तारेची जोडणी मात्र आदेशातून वगळलेली असू शकते. म्हणूनच एक वाट तारेची आणि एक मोबाइलची असणे हे दोन मोबाइलांपेक्षा अधिक खात्रीचे होय.

फाइलींच्या प्रती

फाइलींसाठी जाणकारांत एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. आपल्या व्यावसायिकाच्या बाबतीत कामाची प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत असेल.

येथेही तोच प्रश्न विचारावा. हार्ड डिस्क सदैव लॅपटॉपला जोडलेली असेल तर वीज कोसळून तारेतून आलेला झटका दोघांनाही एकदम जाळू शकतो. प्रत काढून झाली की डिस्क सोडवून कपाटात ठेवली पाहिजे. इंटरनेटवरील साठवणीचा धोका निराळा आहे. ती लॅपटॉपवरील फाइलचे प्रतिबिंब असते. येथे प्रकरण चुकून पुसले तर तेथेही ते पुसले जाते. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते आणि नंतर नाहीशी होते. म्हणून रोज संध्याकाळी फाइलच्या नावात तारीख घालून वेगळी प्रत करावी. जुनी प्रत नवीने झाकली जाऊ नये.

प्रत आहे एवढ्याने भागत नाही. ती उघडली पाहिजे. महिन्यातून एकदा एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. पृष्ठमांडणीच्या कामात अशा वेळी बहुधा टंक नसल्याचे लक्षात येते. फाइल उघडते, परंतु अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरे सुटी होऊन जागेवरून सरकतात. टंक आणि चित्रे फाइलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवली आणि घरातील जुन्या लॅपटॉपवर तेच टंक आधी बसविले, तर मुख्य लॅपटॉप बिघडल्यास काम अर्ध्या तासात पुढे चालू होते.

एका रविवारचा हिशेब

आता सारे एकत्र मांडून पाहू. रविवारी दुपारी ४ वाजता वादळ येते आणि वीज जाते. बॅटरी भरलेली आहे, म्हणजे रात्री १ पर्यंत काम चालेल. मोडेम चालू आहे, पण गच्चीवरचे यंत्र बंद पडल्यामुळे तारेचे इंटरनेट नाही. मोबाइल आहे, मात्र सारे गाव त्याच मनोऱ्यावर आल्यामुळे पाठविण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट उरला आहे.

पूर्ण फाइल ३०० मेगाबाइटची. आठ बिटांचा एक बाइट होतो, तेव्हा या वेगाने ती जाण्यास २४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे लागतील. मध्ये तुटली तर कदाचित पुन्हा पहिल्यापासून. परंतु पूर्ण झालेली प्रकरणे शनिवारीच पाठविली असतील आणि केवळ शेवटची ६० मेगाबाइट उरली असतील, तर आठ मिनिटे पुरतात. तयार भाग लगोलग पाठविण्याच्या सवयीने वेग न वाढविताही लागणारा वेळ पाचव्या हिश्शावर येतो. संध्याकाळी ७ वाजता पहिल्या कंपनीचा मनोरा बंद पडला तर दुसऱ्या मनोऱ्यावरील कार्ड घालावे. रात्री ११ ला काम संपते, फाइल जाते आणि मुद्रकाकडून पोहोच येईपर्यंत अकरा तास हाताशी राहतात.

त्या अकरा तासांवर अखेरचा उपाय अवलंबून आहे. दोन्ही वाटा बंद असतील तर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पहाटेच्या बसने जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येते. मात्र काम सकाळी ९ ला संपले असेल तर ती बस केव्हाच निघून गेलेली असते. यासाठी स्वतःची मुदत मुद्रकाच्या मुदतीपेक्षा निदान एक रात्र अलीकडे धरावी, बसची वेळ आधी विचारून ठेवावी आणि किती वाजेपर्यंत इंटरनेटची वाट पाहावयाची हे वादळापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे.