मे महिन्यात कुंड्यांची बदली

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ साली कायदा झाला. सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असं त्यात म्हटलेलं आहे. मुलांच्या शाळेच्या दृष्टीने ते रास्तच. पण त्यामुळे कितीतरी घरं ऐन उन्हाळ्यात हलतात आणि गॅलरीतली झाडंही त्यांच्याबरोबर निघतात.

पुण्याहून नागपूरला निघालेलं एक घर धरू. कुंड्या चाळीसेक. त्यांत मोगरा, जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, तुळस, दोन मोठे अरेका पाम, एक फायकस, एक अडेनियम आणि बाकी मनी प्लांट, स्नेक प्लांटसारखी सावलीतली मंडळी. अंतर सुमारे सातशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाने गेलं तरी मालवाहू गाडीला सगळी रात्र लागते. झाडं या प्रवासात हादऱ्यांनी मरतील अशी बहुतेकांना भीती वाटते. खरं तर हादरे ती सोसतात. त्यांना मारतं ते पाण्याचं गणित. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळं पाणी ओढतात त्याहून वाढला, की झाड कोमेजायला लागतं. उकाडा, वारा आणि दुखावलेली मुळं ही तिन्ही हा तोल बिघडवतात.

म्हणून निघण्याआधी कुंडी बदलायचा मोह टाळावा. नव्या घरी नव्या कुंड्या, या हौसेपायी ऐन निघताना मुळं मोकळी केली की पाणी ओढणारी बारीक केसमुळं तुटतात. मातीच्या कुंड्या फुटतील म्हणून झाडं प्लॅस्टिकच्या कुंडीत हलवायचीच असतील, तर ते काम निदान तीन आठवडे आधी उरकावं. छाटणीही तेव्हाच आणि हलक्या हाताने करावी. जास्वंदीच्या लांब फांद्या आखडल्या, गुलाबाचे वाळके शेंडे काढले, एवढं पुरे.

पाणी कधी घालायचं, यावर मतं फार. जड होतं म्हणून हमाल कुरकुरतात आणि ते खरंही आहे. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या आसपास भरते. पण माती कोरडी ठाक असली तर गोळा धरून राहत नाही, हादऱ्याने भुसभुशीत होऊन मुळांपासून सुटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घालावं आणि रात्रभर निथळू द्यावं. अडेनियम आणि निवडुंगांना मात्र आठवडाभर आधीपासून कोरडंच ठेवावं. ओल्या मातीत अंधारात बसले की ते बुडाशी सडतात.

बांधाबांध सोपी आहे. मातीवर वर्तमानपत्राची जाड घडी किंवा गोणपाटाचा तुकडा ठेवून सुतळीने कुंडीच्या काठाखाली आवळावा, म्हणजे माती सांडत नाही. झुडपाभोवती जुनी सुती साडी खालून वर गुंडाळत न्यावी; फांद्या आत वळतात, मोडत नाहीत. इथे प्लॅस्टिकची पिशवी नको. उन्हात पिशवीच्या आत पानं अक्षरशः शिजतात. लहान कुंड्या भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये दाटीने बसवाव्यात आणि फटींत गोणपाट कोंबावं. बांधण्यापूर्वी कुंडीचं बूड जरूर पाहावं. मुंग्यांनी तिथे घर केलेलं असतं आणि मग त्याही नागपूरला येतात.

आता गाडी. सामान नेणाऱ्या अनेक कंपन्या झाडं घेत नाहीत, घेतली तरी त्यांची जबाबदारी घेत नाहीत. बुकिंग करतानाच ते विचारून घ्यावं. झाडांसाठी वेगळा पिकअप परवडत असेल तर तो उत्तम. बंद पत्र्याचा डबा रात्री ठीक. पण दुपारी ढाब्यासमोर उन्हात उभा राहिला, की आतलं तापमान सहज पन्नास अंशांच्या पलीकडे जातं आणि कोवळी पानं तासाभरात करपतात. उघड्या गाडीचा धोका वेगळा. पानाच्या अंगालगत दमट हवेचा पातळ थर असतो. गाडीचा वारा तो सतत पुसून नेतो आणि पान भराभर सुकतं. उघड्या गाडीत वर आणि बाजूंनी शेडनेट बांधावं. ताडपत्री झाकलीच, तर ऊन चढण्याआधी बाजू मोकळ्या कराव्यात. दोन्ही प्रकारांना एकच चांगला उपाय आहे: दुपार कलल्यावर, पाचच्या सुमारास पुणं सोडायचं आणि सकाळी आठ-नऊपर्यंत नागपुरात उतरायचं.

मे महिना म्हणजे आंब्याची पेटीही निघणारच. ती झाडांच्या डब्यात ठेवू नये. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. बंद जागेत तो साचला की जास्वंदीच्या कळ्या गळतात, फायकसची पानं पिवळी पडतात. पेटी माणसांच्या गाडीत न्यावी. सुवासाने कोणी मरत नाही.

नागपुरात उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती झाडांपेक्षा मालकांची असते. तिथलं मे महिन्यातलं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं आणि हवा पुण्याहून कोरडी. पुण्यात गच्चीवर उन्हात वाढलेला मोगराही इथे थेट उन्हात ठेवू नये. साड्या लगेच सोडाव्यात, कुंड्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला दाट सावलीत ठेवाव्यात आणि आठवडाभराने शेडनेटखाली सकाळचं ऊन दाखवायला लागावं. खत नको, छाटणी नको.

पाणी अंदाजाने न घालता बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहावं; कोरडं लागलं तरच घालावं. फायकस आठवडाभरात निम्मी पानं टाकतो. जागा बदलली की त्याची ती सवयच आहे. घरातले लोक घाबरून दोन वेळा पाणी घालतात. पण पानंच गळालेलं झाड पाणी उडवणार कुठून? माती ओली राहते, मुळं गुदमरतात आणि प्रवासातून वाचलेलं झाड लाडाने मरतं.

लक्षणं वेगळी ओळखता येतात. पान दुपारी लोंबलं आणि रात्रीतून सावरलं, तर तो उकाडा, काळजी नको. कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्या, तर तो वाऱ्याचा मार. उन्हाच्या बाजूलाच पांढुरके कागदासारखे डाग पडले, तर ऊन लागलं आहे. ते डाग जात नाहीत, पण पसरतही नाहीत. माती ओली असूनही पान सकाळीसुद्धा लोंबलेलं दिसलं आणि कुंडीला आंबूस वास आला, तर मुळं कुजू लागली आहेत. तेव्हा पाणी ताबडतोब बंद.

सगळी चाळीस झाडं न्यावीत का? माझ्या मते नाही. दोन्ही अरेका पाम शेजाऱ्यांना द्यावेत. जागा आणि भाडं फार खातात आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांची टोकं जळतच राहतात. मनी प्लांटच्या कांड्या बाटलीत पाणी घालून न्याव्यात, कुंडी नेण्याची गरज नाही.

उरलेल्यांपैकी एखादं पूर्ण वाळल्यासारखं दिसलं तरी लगेच उपटू नये. खोडाची साल नखाने जराशी खरवडावी. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. जुलैच्या मध्यापर्यंत वाट पाहावी आणि मगच कुंडी रिकामी करावी.