कारखानदाराची कागदपत्रं – भाग 6
मीठ कुठं गेलं?

मागच्या भागात संमतीपत्र पाहिलं. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. या वेळचं पत्र वेगळ्या दारातून येतं: पर्यावरण मंजुरी. 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेत ज्या उद्योगांची नावं आहेत, त्यांना बांधकामाआधीच ती घ्यावी लागते. औषधांचा कच्चा माल, रंगांची मध्यवर्ती रसायनं बनवणारे छोटे कारखाने यात येतात. पाण्याचा वापर दिवसाला 25 घनमीटरपेक्षा कमी, इंधन 25 टनांपेक्षा कमी आणि मोठ्या अपघाताच्या धोक्याच्या यादीत नाव नाही, तर असा कारखाना ‘बी-2’मध्ये बसतो, जनसुनावणी टळते. अटी मात्र टळत नाहीत.

बहुतेक मालक हे पत्र पहिल्या पानावरची तारीख आणि शेवटची सही पाहून फाइलला लावतात. मधल्या पानांवर दोन प्रकारच्या अटी असतात. सर्वसाधारण अटी सगळ्यांना सारख्याच छापलेल्या. विशेष अटी फक्त तुमच्यासाठी, आणि त्यातले आकडे कुणी सरकारी अधिकाऱ्याने मनाने टाकलेले नसतात. तुमच्या सल्लागाराने अर्जात जे लिहिलं, तेच अट होऊन परत येतं. सल्लागाराने घाईत दुसऱ्या कुणाच्या अर्जातला तक्ता उचलला असेल, तर आता तो आकडा पाळणं तुमच्या गळ्यात आहे. म्हणून पत्र हातात आलं की अर्ज शेजारी ठेवून वाचावं.

आज एकच अट घेऊ: सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. पत्रात ती ‘झेड.एल.डी.’ या तीन अक्षरांत असते आणि एका ओळीत संपते. पण या एका ओळीला पाण्याचा, वाफेचा, कोळशा-ब्रिकेटचा आणि मिठाचा हिशेब जोडलेला असतो.

समजा, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे, महिन्याला 30 टन मालाची मंजुरी. पत्रातला तक्ता सांगतो: रोज एकूण 22 घनमीटर पाणी लागेल, त्यातलं 14 ताजं आणि 8 शुद्ध करून पुन्हा वापरलेलं. सांडपाण्याचे दोन प्रवाह. रिअॅक्टरमधून निघणारं खारट, जड पाणी 4 घनमीटर. धुलाई, बॉयलर आणि कूलिंग टॉवरचं हलकं पाणी 5 घनमीटर. हलकं पाणी ई.टी.पी.मधून आर.ओ.कडे जातं. जड पाण्यातलं सॉल्व्हंट आधी स्ट्रिपरमध्ये काढायचं, मग ते एम.ई.ई.मध्ये आटवायचं. आर.ओ.चं उरलेलं खारट पाणीही तिथंच येतं. शेवटी ड्रायरमधून बाहेर पडतं ते ओलसर मीठ.

बऱ्याच जणांना वाटतं की तपासायला येणारा अधिकारी बाहेरच्या नाल्यात पाणी आहे का ते पाहील. नालाही तो पाहतोच. पण अनुभवी अधिकारी आधी धोकादायक कचऱ्याची मॅनिफेस्टं मागतो. पाण्याची वाफ होते, आर.ओ.तून पाणी परत येतं, मीटर बंद असल्याचं कारणही सांगता येतं. मीठ मात्र उडून जात नाही. पाण्यात जितकं होतं तितकं ते पोत्यांत भरलेलं दिसलंच पाहिजे.

गणित सोपं आहे. जड पाण्याचा टी.डी.एस. पत्रात लिटरला 50,000 मिलिग्रॅम लिहिला आहे, म्हणजे घनमीटरला 50 किलो. 4 घनमीटरचे रोज 200 किलो. हलक्या पाण्याचा 4,000 धरला, तर 5 घनमीटरचे 20 किलो. दोन्ही मिळून 220 किलो. महिन्याला 25 दिवस काम, म्हणजे साडेपाच टन कोरडं मीठ. दहा टक्के ओल धरली की सहा टनांच्या वर. पत्रातल्या कचऱ्याच्या तक्त्यात वर्षाला 75 टन लिहिलेले असतात, ते इथूनच आलेले.

आता मॅनिफेस्टं काढा. त्यावर महिन्याला दीड टन दिसत असेल, तर उरलेलं मीठ कुठं गेलं, हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारण्याआधी मालकाने स्वतःला विचारावा. उत्तरं तीन असू शकतात आणि त्यातली दोन निर्दोष आहेत.

पहिलं: माल कमी बनला. 30 टनांच्या जागी 18 टन, तर मीठ त्याच प्रमाणात सहाऐवजी साडेतीन-पावणेचार टन. म्हणून मिठाचा आकडा नेहमी त्या महिन्याच्या उत्पादनाशेजारी लिहावा. एकटा आकडा संशय वाढवतो.

दुसरं: सल्लागाराने टी.डी.एस. फुगवून लिहिला होता. हे घरच्या प्रयोगशाळेत कळतं. जड पाणी गाळून 100 मिलिलिटर घ्या, वजन केलेल्या सिलिका डिशमध्ये आटवा, 180 अंशावर वाळवा, थंड करून पुन्हा वजन करा. 5 ग्रॅम उरले तर अर्जातला आकडा बरोबर. 2 ग्रॅम उरले तर अर्ज चुकला. वेगवेगळ्या बॅचचे नमुने घ्यावेत, कारण एका दिवसाचा नमुना फसवतो. आणि आकडा चुकलेला निघाला तर दुरुस्ती मागावी. त्यावर पांघरूण घालू नये.

तिसरं उत्तर कुणालाच आवडत नाही. एम.ई.ई. चालतच नाही. नळ्यांवर खर धरते, वाफ कमी पडते, ऑपरेटर रात्री यंत्र बंद ठेवतो. तीन दिवसांत 12 घनमीटर जड पाणी साठतं आणि मग कुणीतरी टँकरवाल्याचा नंबर सुचवतो. इंधनाचं बिलही इथं बोलतं. तीन टप्प्यांच्या एम.ई.ई.ला टनभर पाणी आटवायला साधारण चारशे किलो वाफ लागते. रोज साडेपाच टन पाणी म्हणजे दोन-सव्वादोन टन वाफ. महिन्याचं ब्रिकेटचं बिल तेवढी वाफ दाखवत नसेल, तर यंत्राच्या लॉगबुकातल्या ‘सुरू’ नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही. लॉगबुकाचं पान एकाच पेनाने, एकाच बसणीत भरलेलंही ओळखू येतं.

मीठ विकून मोकळं होण्याचा मोह असतो. कुणी म्हणतं, सोडियम सल्फेट आहे, कापडवाला घेईल. घेईलही, पण 2016च्या धोकादायक कचरा नियमांतल्या नियम 9 खाली मंडळाची परवानगी नसताना ते दिलं, तर तुम्ही कचरा बेकायदा दिला असंच धरलं जातं. तो तळोजा, रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी जायला हवा आणि आवारात 90 दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. वरच्या हिशेबाने तेवढ्या काळात अठरा टन साठतात, म्हणून छप्पर आणि पक्की फरशी असलेली जागा तेवढ्या मापाची हवी. ती जागाही पत्रात लिहिलेली असते.

आणखी एक खोच. संमतीपत्रात ताज्या पाण्याचा आकडा 12 आणि मंजुरीत 14 असू शकतो. दोन्ही लागू असतात, म्हणून 12 पाळायचे. मोठा आकडा आपल्या सोयीचा म्हणून धरणारे पुढच्या नूतनीकरणात अडकतात.

मंजुरीचा अनुपालन अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. झेड.एल.डी.च्या रकान्यात सल्लागार ‘पालन केले’ एवढंच टाइप करतो. त्याऐवजी सहा महिन्यांचं उत्पादन, ताजं पाणी, एम.ई.ई.त गेलेलं पाणी, निघालेलं मीठ आणि मॅनिफेस्टचे क्रमांक असा पाच ओळींचा तक्ता लावायला सांगा. मिठाची रास आणि पाण्याचा मीटर जुळत नसतील तर ते याच तक्त्यात दिसेल, तेही अहवाल पाठवण्याआधी.

पुढच्या भागात हरितपट्ट्याचे 33 टक्के: कशाच्या 33 टक्के, आणि शेडशेजारी लावलेल्या कुंड्या त्यात का धरत नाहीत.