अर्ध्या पिक्सेलचा केस

डिजिटल चित्रकला नव्याने शिकणारा माणूस केसांपाशी पोचला की हमखास एकच गोष्ट करतो. सर्वांत बारीक ब्रश निवडतो, चित्र चौपट मोठे करतो आणि डोक्याच्या एका टोकापासून केस मोजल्यासारखे ओढत सुटतो. दोन तासांनी चित्र मूळ आकारात पाहिले तर डोक्यावर झाडूच्या काड्या!

हिशेब केला तर कारण कळते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो आणि डोके सुमारे १५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नुसते शेजारी शेजारी मांडले तरी दोन हजारांवर केस बसतात. चित्रात डोक्याची रुंदी हजार पिक्सेल असेल, तर एका केसाच्या वाट्याला अर्धा पिक्सेलही येत नाही. प्रत्येक केस काढणे अशक्यच. म्हणून जाणकार आधी गडद रंगाचा एकसंध आकार भरतात, मग त्यात बटा पाडतात आणि सुटा केस अगदी शेवटी, मोजक्या जागी काढतात.

त्या शेवटच्या कामात पेनचा दाब उपयोगी येतो. वाकॉमसारख्या कंपनीच्या अनेक पेनांत बॅटरी नसते. टॅब्लेटमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवरच ते चालते, आणि टोक किती दाबले तेही त्यातूनच टॅब्लेटला कळते. खोक्यावर ८१९२ दाबपातळ्या असे ठसठशीत छापलेले असते, पण इतके बारीक फरक हाताला जाणवत नाहीत. खरा प्रश्न असतो तो रेघ किती हलक्या स्पर्शाला सुरू होते, हा. पेन जरा दाबल्याशिवाय उमटतच नसेल, तर रेघ एकदम जाड सुरू होते आणि केसाच्या टोकाला निमुळतेपणाऐवजी बोथट ठिपका दिसतो. तसे झाले तर वाकॉमच्या सेटिंगमध्ये Tip Feel मऊ बाजूला सरकवून पाहावे. फोटोशॉपमध्ये Shape Dynamics खाली Size Jitter च्या Control ला Pen Pressure द्यावे आणि Minimum Diameter शून्यावर आणावा.

आता समजा, तेल लावून घट्ट घातलेली काळी वेणी रंगवायची आहे आणि उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो आहे. मूळ रंग कुळकुळीत काळा घेतला तर सावलीसाठी पुढे जागाच उरत नाही, म्हणून निळसर झाक असलेला गडद करडा घ्यावा. वेणीच्या प्रत्येक पेडाला फुगवटा असतो. पेडातले केस एका दिशेने जातात, पण चमक त्यांच्या दिशेला आडवी, पट्ट्यासारखी पसरते. भांग पाडलेल्या डोक्यावरही तेच: केस वरून खाली, चमक कानापासून कानाकडे.

हा आडवा पट्टा काढायचा मात्र उभ्या रेघांनीच. सुटा केस काढताना मुळाशी दाब जास्त ठेवून टोकाकडे हात हलका करत नेतात. चमकेची रेघ दोन्ही टोकांना निमुळती असते: अंधारात अलगद सुरू करायची, फुगवट्यावर दाब वाढवायचा आणि पलीकडे पेन उचलत न्यायचे. अशा लहानमोठ्या रेघा एकमेकींशेजारी आल्या की पट्ट्याच्या कडा आपोआप दातेरी होतात. रेघ मनगट घट्ट धरून सावकाश ओढली तर थरथरते. कोपरातून, एका झटक्यात ओढावी. हाताला कोन अडचणीचा वाटला तर कॅनव्हास फिरवून घेता येतो.

रंगाचे म्हणाल, तर पांढरा टाळलेलाच बरा. स्टीफन मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की केसावर दोन चमका असतात. एक पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाची, उजेडाच्याच रंगाची. ती टोकाकडे सरकलेली असते. दुसरी केसाच्या आत शिरून मागच्या बाजूवरून परतलेल्या उजेडाची, केसाचा रंग घेऊन आलेली; ती मुळाकडे दिसते. तपकिरी केसांवर ही दुसरी उबदार चमक छान उठते. काळा केस तो उजेड आतच गिळतो, म्हणून आपल्या वेणीवर खिडकीच्या उजेडाची फिकट निळसर करडी चमक तेवढी पुरते. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ती थोड्या, पण ठळक रेघांत काढावी. ती वेगळ्या लेयरवर असली तर जास्त झालेली नंतर पुसता येते.

जास्त झाली हे ओळखायला चित्र पडद्यावर टपाल तिकिटाएवढे करून पाहावे. पेडावर एक सलग झळाळी दिसली तर ठीक. मिठाचे कण सांडल्यासारखे दिसले, तर निम्म्या रेघा पुसाव्यात. वेणीतून निसटलेले मानेवरचे चार-पाच केस काढायचे ते यानंतर, तीन पिक्सेलच्या ब्रशने, आणि मुद्दाम एकमेकांना छेदणारे. समांतर काढले की ते पुन्हा झाडूकडे झुकतात.