उंचावलेल्या भुवया आणि कोरे कपाळ

व्यक्तिचित्रातील भाव डोळ्यांत आणि ओठांवर असतो, म्हणून कपाळावरच्या आडव्या रेषा पूर्ण पुसल्या तरी काही बिघडत नाही, हा समज रिटचिंग, म्हणजे छायाचित्र टिपल्यानंतर त्यावर केले जाणारे सफाईचे काम, करणाऱ्यांमध्ये इतका मुरलेला आहे की उंचावलेल्या भुवयांवर गुळगुळीत कपाळ असलेली चित्रे सर्रास दिसतात. हा समज साफ चुकीचा आहे. भुवया उचलणाऱ्या फ्रंटॅलिस स्नायूचे तंतू कपाळावर उभे असतात. तो आकुंचन पावला की भुवई वर जाते आणि त्याच ओढीने कपाळाची त्वचा आडवी दुमडते. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, चेहऱ्याच्या हालचालींची स्नायूनिहाय नोंद करणाऱ्या पद्धतीतही भुवई उचलल्याची खूण म्हणून या सुरकुत्या पाहिल्या जातात. लहान मुलांच्या कपाळावर त्या फारशा उमटत नाहीत हे खरे, पण तो दाखला प्रौढ चेहऱ्याला लावणे निरर्थक आहे.

पन्नाशीतील एखाद्या गायिकेच्या कपाळावर अशा तीन रेषा असतील, तर प्रथम त्याच सत्रातील तिचे शांत मुद्रेचे छायाचित्र शेजारी ठेवावे. त्यातही दिसणारी रेषा वयाची असते, तर केवळ भुवया उचलल्यावर उमटणाऱ्या रेषा भावाच्या असतात. फोटोशॉपमध्ये प्रत्येक रेषेसाठी वेगळा रिकामा लेयर, म्हणजे मूळ चित्रावरचा पारदर्शक थर, घेऊन हीलिंग ब्रशचा Sample पर्याय Current & Below ठेवावा आणि लगतच्या त्वचेचा नमुना घेऊन रेषा आधी पूर्ण पुसावी; मग त्या थराची Opacity वयाच्या रेषेसाठी सुमारे ७०, तर भावाच्या रेषांसाठी सुमारे ४० टक्क्यांवर आणावी, म्हणजे मूळ रेषा अनुक्रमे ३० आणि ६० टक्के शिल्लक राहते. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, कारण वरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात रेषा खोल दिसतात आणि अंदाज बदलावा लागतो. सुरकुतीत गडद खाच आणि तिच्या कडेचा उजळ उंचवटा अशी जोडी असते. नुसती खाच भरली तर उंचवटा उरतो आणि कपाळ सुजल्यासारखे दिसते. काम झाल्यावर चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकून पाहावा: भुवया वर ओढलेल्या न वाटता चिकटवल्यासारख्या वाटल्या, तर रेषा जास्त पुसल्या गेल्या आहेत.

ब्लर केल्याने रेषा हलकी होते, या समजापायी त्वचेची रंध्रे पुसली जातात आणि कपाळ गालांपासून वेगळे पडते. लिक्विफायने भुवया खाली ओढणे हा उपाय मानला जातो, पण त्याने सुरकुती तशीच राहून भाव मात्र बदलतो. पोत आणि रंगछटा वेगळ्या थरांत मांडणाऱ्या फ्रीक्वेन्सी सेपरेशनमध्ये केवळ पोताच्या थरावर काम केल्यास रेषा जाते, पण तिची सावली राहते, कारण ती सावली रंगछटांच्या थरात असते.